भार घेतलेली सळई किती लांबते: प्रतिबल-विकृतीची गणिते सोडवण्याचा आणि आलेख वाचण्याचा क्रम

मराठी माध्यमातून दहावी करून लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या तंत्रनिकेतनात आलेल्या विद्यार्थ्यांना ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ या विषयाच्या पहिल्याच प्रकरणात दोन गोष्टी शिकवल्या जातात. एक म्हणजे सळईची लांबी किती वाढते हे काढण्याचे सूत्र, आणि दुसरी म्हणजे प्रतिबल-विकृतीचा आलेख. मीही याच वाटेने गेलो आणि आता जालन्यात सळयांच्या चाचण्या करण्याचे काम करतो. पुढच्या तुकड्यांतील मुले प्रयोगासाठी येतात तेव्हा दिसते की बहुतेकांच्या वहीत सूत्र एका पानावर असते, आलेख दुसऱ्या पानावर असतो आणि दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे हे कोणी सांगितलेले नसते. वास्तविक लांबीवाढीचे सूत्र म्हणजे त्या आलेखाच्या सुरुवातीच्या सरळ रेषेचेच समीकरण आहे, आणि ती रेषा जिथे संपते तिथे सूत्रही संपते. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीभोवती मांडला आहे.

वर्गात ज्याला आपण स्ट्रेस म्हणतो त्याला येथे प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती म्हटले आहे. प्रतिबल म्हणजे छेदाच्या दर एकक क्षेत्रफळावर येणारे बल, आणि विकृती म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत लांबीत झालेला बदल. विकृतीला एकक नसते. पुढे प्रतिबलासाठी σ आणि विकृतीसाठी ε लिहिले आहे.

जवळ असू द्या:

- साधा वैज्ञानिक गणकयंत्र, आलेखाचा कागद, तीक्ष्ण पेन्सिल आणि पट्टी
- प्रयोगासाठी व्हर्नियर कॅलिपर, सेंटर पंच आणि हातोडी
- सळईच्या धातूचे दोन आकडे, म्हणजे आलेखाच्या सरळ भागाचा उतार असलेला यंग मॉड्युलस आणि ज्याच्यापुढे ती सरळ रेषा संपते ते यील्ड प्रतिबल (गणितात ते दिलेले असतात, चाचणीत आपणच काढायचे असतात)
- चाचणीची नोंदवही, जिच्यात भार आणि लांबीवाढ यांचे रकाने आधीच आखलेले असतील

१. सर्व राशी न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये आणा

सुरुवात नेहमी येथूनच करावी, कारण या प्रकरणातील सर्वाधिक चुका सूत्रात नसून एककांत होतात. भार किलोन्यूटनमध्ये दिलेला असतो, लांबी मीटरमध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये आणि यंग मॉड्युलस गिगापास्कलमध्ये. या चारही राशी जशाच्या तशा सूत्रात घातल्या तर उत्तर काहीही येऊ शकते. मी सुचवतो तो मार्ग असा की, भार न्यूटनमध्ये घ्यावा, लांबी व व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावेत, म्हणजे प्रतिबल आपोआप न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये येते आणि हेच एकक म्हणजे मेगापास्कल. पोलादाचा यंग मॉड्युलस साधारण २०० गिगापास्कल असतो. तो या पद्धतीत २ × १०⁵ N/mm² असा लिहायचा.

उत्तर बरोबर आले की नाही हे तपासायला एक आकडा पाठ असावा. पोलादी सळईत १०० N/mm² प्रतिबल असेल तर ती दर मीटर लांबीमागे अर्धा मिलिमीटर लांबते. हा आकडा सूत्रातूनच येतो, पण तो डोक्यात पक्का असला की दोन मीटर सळईची वाढ १.६ मीटर किंवा ०.००१६ मिलिमीटर अशी आली तर चूक त्याच क्षणी लक्षात येते. किलोन्यूटनचे न्यूटन करायचे राहिले की उत्तर नेमके हजार पटीने लहान येते, हेही ओळखून ठेवावे.

२. क्षेत्रफळ काढताना व्यास नीट मोजा

गोल सळईच्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे व्यासातील छोटी चूक क्षेत्रफळात दुप्पट होऊन उतरते. खराद करून १० मिलिमीटरचा म्हणून दिलेला नमुना प्रत्यक्षात ९.८ मिलिमीटरचा निघाला, तर क्षेत्रफळ चार टक्क्यांनी कमी असते आणि आपण काढलेले प्रत्येक प्रतिबल चार टक्क्यांनी कमी दाखवले जाते. म्हणून व्यास तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी मोजावा.

बांधकामाच्या सळईची गोष्ट वेगळी आहे. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघणाऱ्या टीएमटी सळईवर आडव्या-उभ्या रिब असतात, आणि त्यावर व्हर्नियर लावून मोजलेला व्यास रिबच्या माथ्यावरचा असतो की दरीतला, हे सांगता येत नाही. अशा सळईचे क्षेत्रफळ वजनावरून काढतात. पोलादाची घनता ७८५० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर एक मीटर तुकड्याचे किलोमधील वजन ०.००७८५ ने भागल्यावर चौरस मिलिमीटरमधील क्षेत्रफळ मिळते. मीटरभर सळई ०.८८८ किलो भरली तर क्षेत्रफळ ११३.१ mm² येते, म्हणजे ती १२ मिलिमीटरचीच सळई आहे.

३. सळई मनातल्या मनात कापा आणि आतले बल लिहा

लांबीवाढीचे सूत्र δ = PL / AE असे आहे; त्यात δ म्हणजे वाढ, L म्हणजे लांबी, A म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ आणि E म्हणजे यंग मॉड्युलस. सूत्रातील P म्हणजे सळईवर लावलेला कोणताही बाहेरचा भार नव्हे. ज्या भागाची वाढ काढायची आहे त्या भागाच्या छेदातून जाणारे आतले बल म्हणजे P. सळईच्या टोकाला एकच भार असेल तेव्हा दोन्ही सारखेच असतात, आणि म्हणूनच हा फरक पहिल्या दोन-तीन उदाहरणांत दिसून येत नाही. टप्प्यांची सळई समोर आली की तो उघड होतो.

समजा एक पोलादी सळई डाव्या टोकाला A येथे भिंतीत पक्की बसवली आहे. A पासून B पर्यंत ६०० मिलिमीटर लांबीत तिचा व्यास ३० मिलिमीटर आहे, आणि B पासून C पर्यंत ४०० मिलिमीटर लांबीत २० मिलिमीटर आहे. C या मोकळ्या टोकाला ४० किलोन्यूटनचा आणि B या खांद्याला ३० किलोन्यूटनचा भार आहे, आणि दोन्ही भार भिंतीपासून दूर ओढतात.

प्रत्येक भागासाठी एक काल्पनिक काप घ्यावा आणि मोकळ्या टोकाकडचा तुकडा तेवढा पाहावा. BC मध्ये काप घेतला तर उजव्या तुकड्यावर फक्त ४० किलोन्यूटन आहे, म्हणून BC मधील बल ४०. AB मध्ये काप घेतला तर उजव्या तुकड्यावर दोन्ही भार आले, म्हणून AB मधील बल ७०. भिंतीची प्रतिक्रिया काढण्याची गरजच पडत नाही. खालच्या ओळींत A = असे लिहिले आहे तिथे A म्हणजे क्षेत्रफळ, टोकाचे नाव नव्हे.

AB: A = ७०६.८६ mm², σ = ७०००० / ७०६.८६ = ९९.० N/mm²
δ = ९९.० × ६०० / २००००० = ०.२९७ mm

BC: A = ३१४.१६ mm², σ = ४०००० / ३१४.१६ = १२७.३ N/mm²
δ = १२७.३ × ४०० / २००००० = ०.२५५ mm

एकूण वाढ ०.५५२ mm. येथे नेहमीचा सापळा असा की AB भागालाही ४० किलोन्यूटनच लावले जातात. मग एकूण वाढ ०.४२४ mm येते, आणि हा आकडा इतका सभ्य दिसतो की कोणाला शंका येत नाही. दुसरा सापळा म्हणजे दोन्ही भागांचे सरासरी क्षेत्रफळ घेऊन एकाच सूत्रात सगळे बसवणे. वाढीची बेरीज करता येते, क्षेत्रफळाची सरासरी चालत नाही. B वरचा भार भिंतीकडे ढकलणारा असता तर AB मधील बल ४० वजा ३०, म्हणजे १० किलोन्यूटन राहिले असते. चिन्ह सांभाळण्यासाठी ओढणारे बल धन आणि दाबणारे ऋण असा नियम सुरुवातीलाच लिहून ठेवावा.

४. लांबीवाढ काढा, पण आधी प्रतिबल लिहा

आता मुख्य उदाहरण घेऊ. कापसाच्या जिनिंगच्या मोठ्या छपराला पोलादी कैच्या असतात आणि कैचीच्या तळाशी ताण घेणारा टाय रॉड असतो. समजा असा एक गोल रॉड २० मिलिमीटर व्यासाचा आणि २ मीटर लांबीचा आहे, त्यात ५० किलोन्यूटनचा ताण येतो, यंग मॉड्युलस २ × १०⁵ N/mm² आहे आणि यील्ड प्रतिबल २५० N/mm² दिले आहे. पाठ्यक्रमातले सूत्र असे:

δ = PL / AE

हे सूत्र एका दमात वापरून उत्तर काढता येते, तरी मी दोन पायऱ्यांचा आग्रह धरतो. पहिल्या पायरीत प्रतिबल काढावे, कारण तोच आकडा आपल्याला आलेखावर आपण कुठे उभे आहोत हे सांगतो.

A = π × २०² / ४ = ३१४.१६ mm²
σ = ५०००० / ३१४.१६ = १५९.२ N/mm²

हे २५० पेक्षा कमी आहे, म्हणजे आपण सरळ रेषेवर आहोत आणि पुढे जायला हरकत नाही.

ε = σ / E = १५९.२ / २००००० = ०.०००७९६
δ = ε × L = ०.०००७९६ × २००० = १.५९ mm

पाठ आकड्याने ताळा करू. दर १०० N/mm² ला मीटरमागे अर्धा मिलिमीटर, म्हणजे १५९ ला सुमारे ०.८ मिलिमीटर, आणि दोन मीटरला १.६ मिलिमीटर. उत्तर जुळले. रॉड उभा टांगलेला असता तर त्याच्या स्वतःच्या वजनाने किती वाढ झाली असती, असा प्रश्न काही जण विचारतात. या लांबीला ती मिलिमीटरच्या एक हजारांशाहूनही कमी येते, त्यामुळे गणितात स्पष्ट विचारले नसेल तर ती सोडून द्यावी.

५. त्याच रॉडवर ९० किलोन्यूटन आले तर

ही पायरी क्रमिक उदाहरणांत सहसा नसते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त याच पायरीतून शिकायला मिळते. त्याच रॉडवर भार ९० किलोन्यूटन केला आणि सूत्र डोळे मिटून वापरले, तर प्रतिबल २८६.५ N/mm² आणि लांबीवाढ २.८६ mm येते. गणकयंत्र कोणतीही तक्रार करत नाही. पण यील्ड प्रतिबल २५० आहे, म्हणजे हा रॉड ७८.५ किलोन्यूटनलाच यील्ड झाला, त्या क्षणी त्याची वाढ २.५ mm होती, आणि त्यानंतर भार आणि वाढ यांचे सरळ प्रमाण उरलेलेच नाही.

मग खरी वाढ किती? ती सूत्रातून काढता येत नाही; आलेखावरून वाचावी लागते. साध्या मृदू पोलादाच्या आलेखावर २८६ N/mm² ची उंची यील्डनंतरचा सपाट भाग ओलांडल्यावर येते. समजा आपल्या आलेखावर तिथे विकृती ०.०२५ वाचली गेली. मग दोन मीटर रॉडची वाढ ०.०२५ × २०००, म्हणजे ५० mm झाली. सूत्राने पावणेतीन-तीन मिलिमीटर सांगितले आणि रॉड प्रत्यक्षात पाच सेंटिमीटर लांबला.

आता भार हळूहळू काढून घेतला तर काय होते हे पाहावे. भार उतरताना आलेख आल्या वाटेने परत जात नाही; तो सुरुवातीच्या सरळ रेषेला समांतर खाली येतो. त्यामुळे परत मिळणारी विकृती २८६.५ भागिले २०००००, म्हणजे ०.००१४३ एवढीच असते आणि रॉड २.८६ mm ने आखडतो. उरलेले सुमारे ४७ mm कायमचे राहतात. म्हणजे सूत्राने दिलेला २.८६ हा आकडा निरर्थक नव्हता. तो एकूण वाढीचा आकडा नसून परत येणाऱ्या वाढीचा आकडा होता. हा फरक एकदा समजला की ‘स्थितिस्थापक’ आणि ‘कायमची’ या दोन विकृतींची व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

६. आलेखासाठी आकडे मिळवा

प्रयोगशाळेत नमुना ओढून तोडणाऱ्या यूटीएम यंत्रावर १० मिलिमीटर व्यासाचा नमुना घेतला आहे असे समजा. क्षेत्रफळ ७८.५४ mm². गेज लांबी, म्हणजे ज्या लांबीवर वाढ मोजायची ती, व्यासाच्या पाचपट म्हणजे ५० mm. भारतीय मानकांत गेज लांबी क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या ५.६५ पट घेतात, आणि गोल नमुन्यासाठी हे व्यासाच्या पाचपटच भरते. नमुना जबड्यांत बसवण्याआधी त्यावर सेंटर पंचाने हलक्या खुणा कराव्यात, आणि केवळ दोन टोकांना न करता दर ५ किंवा १० मिलिमीटरवर कराव्यात, कारण नमुना नेमका कुठे तुटेल हे आधी कळत नाही. खूण खोल गेली तर नमुना तिथूनच तुटण्याची शक्यता वाढते.

लांबीवाढ एक्स्टेन्सोमीटरने मोजावी. यंत्राच्या जबड्यांचे सरकणे मोजून त्यालाच नमुन्याची वाढ समजणे हा या प्रयोगातील सर्वांत मोठा सापळा आहे. जबड्यांच्या सरकण्यात नमुना पकडीत रुतणे, यंत्राचे स्तंभ ताणले जाणे आणि नमुन्याच्या जाड टोकांची वाढ हे सगळे मिसळलेले असते. समजा १५ किलोन्यूटनला जबडे अर्धा मिलिमीटर सरकले आणि तीच वाढ ५० मिलिमीटर गेज लांबीची मानली, तर यंग मॉड्युलस सुमारे १९ गिगापास्कल येतो, म्हणजे पोलादाच्या खऱ्या आकड्याच्या दहावा हिस्सा. वहीत असा आकडा आला तर पोलादाला दोष न देता लांबी कशाने मोजली ते तपासावे.

एक्स्टेन्सोमीटरवरील आपल्या नोंदी अशा आहेत: ५ किलोन्यूटनला वाढ ०.०१६ mm, १० ला ०.०३२ mm, १५ ला ०.०४८ mm. त्यानंतर १९.८ किलोन्यूटनला यील्ड, कमाल भार ३३.० किलोन्यूटन, तुटतानाचा भार २५.१ किलोन्यूटन, तुटल्यावर गेज लांबी ६५ mm आणि तुटलेल्या जागी व्यास ६.२ mm.

७. सरळ भागाचा उतार काढा

यंग मॉड्युलस म्हणजे या सरळ भागाचा उतार. तो एका बिंदूवरून न काढता दोन बिंदूंमधील फरकावरून काढावा. अगदी सुरुवातीला नमुना पकडीत नीट बसत असतो आणि वाचन थोडे मागे-पुढे होते, त्यामुळे रेषा नेहमी शून्यातूनच जाते असे नाही. फरक घेतला की ही सुरुवातीची चूक वजा होते.

Δσ = १०००० / ७८.५४ = १२७.३ N/mm²
Δε = (०.०४८ − ०.०१६) / ५० = ०.०००६४
E = १२७.३ / ०.०००६४ ≈ १.९९ × १०⁵ N/mm²

येथे आलेखाच्या मोजमापाबद्दल सांगणे आवश्यक आहे. वहीतील छापील आकृतीत सरळ भाग चांगला रुंद आणि तिरका दाखवलेला असतो. आपल्या नमुन्यात यील्डपर्यंतची विकृती सुमारे ०.००१२५ आहे आणि तुटतानाची ०.३०. संपूर्ण आलेख १५ सेंटिमीटर रुंदीत बसवला, तर सरळ भागाच्या वाट्याला जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंदी येते, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढी. असा आलेख काढून त्यावरून उतार मोजणे अशक्य आहे. म्हणून दोन आलेख काढावेत, एक फक्त यील्डपर्यंतचा मोठ्या प्रमाणावर आणि दुसरा शेवटपर्यंतचा. पहिल्यावरून यंग मॉड्युलस काढावा आणि दुसऱ्यावरून बाकी सगळे.

८. यील्डपासून तुटण्यापर्यंत वाचा

मृदू पोलादाचे यील्ड ओळखायला डोळे उघडे ठेवले तरी पुरते. डायलच्या यंत्रावर भार दाखवणारा काटा चढता चढता अचानक थबकतो किंवा किंचित मागे येतो, आणि त्याच्यासोबत ढकलला गेलेला दुसरा काटा वरच्या आकड्यावर तसाच उभा राहतो. नमुना खराद न केलेला, भट्टीतून रोल होऊन आलेला असेल तर याच वेळी त्यावरचा काळसर पापुद्रा बारीक तडकून झडू लागतो आणि खाली यंत्राच्या पाटावर त्याची पूड दिसते. काटा मागे येण्याआधीची उंची म्हणजे वरचे यील्ड, आणि नंतर जिथे तो रेंगाळतो ते खालचे. वरचा आकडा भार किती वेगाने लावला यावर बराच अवलंबून असतो, म्हणून भार सावकाश लावावा. आपल्या नमुन्यात यील्ड प्रतिबल १९८०० भागिले ७८.५४, म्हणजे २५२ N/mm² आले. यील्ड ओलांडल्यावर एक्स्टेन्सोमीटर काढून ठेवावा. नमुना तुटताना बसणाऱ्या धक्क्याने तो बिघडतो.

यानंतर पोलाद पुन्हा भार घेऊ लागते आणि आलेख गोलाकार चढत जाऊन ३३ किलोन्यूटनला माथा गाठतो. कमाल प्रतिबल ४२० N/mm². माथ्यापर्यंत नमुना सगळीकडे सारखाच बारीक होत असतो. माथ्यानंतर एका जागी नमुना आवळत जातो, म्हणजे नेक पडते, पुढची सगळी वाढ त्याच जागी होते, आणि आलेख खाली वळतो.

हा उतार पाहून पोलाद अशक्त झाले असे उत्तर पुष्कळ जण लिहितात, आणि ते चूक आहे. आलेखावरचे प्रतिबल आपण नेहमी मूळ क्षेत्रफळाने भागून काढतो. तुटताना २५.१ किलोन्यूटन भागिले ७८.५४ केले तर ३२० N/mm² येते, पण त्या क्षणी नेकचे क्षेत्रफळ ७८.५४ राहिलेले नसून ६.२ mm व्यासाचे, म्हणजे ३०.२ mm² उरलेले असते. त्याने भागले तर खरे प्रतिबल सुमारे ८३१ N/mm² येते. भार कमी होतो तो छेद झपाट्याने लहान होत असल्यामुळे. उरलेल्या छेदातील प्रतिबल शेवटपर्यंत वाढतच असते. तुटलेला नमुना हातात घेतला तर एका तुकड्याला वाटीसारखा खोलगट आकार आणि दुसऱ्याला त्यात बसणारा शंकू दिसतो, आणि नेकची जागा गरम लागते, म्हणून लगेच उघड्या हाताने धरू नये.

आता दोन्ही तुकडे घट्ट जुळवून खुणांमधील अंतर मोजावे. ५० चे ६५ झाले, म्हणजे लांबीवाढ ३० टक्के. क्षेत्रफळातील घट ६१.६ टक्के. टक्क्यांतील लांबीवाढ लिहिताना गेज लांबी लिहिलीच पाहिजे, कारण तिच्याविना तो आकडा तुलनेला निरुपयोगी ठरतो. समजा सारखी पसरलेली वाढ २० टक्के आहे आणि नेकजवळची वाढ ५ mm आहे. ५० mm गेजवर एकूण वाढ १० अधिक ५, म्हणजे १५ mm, ३० टक्के. तोच नमुना १०० mm गेजवर मोजला तर २० अधिक ५, म्हणजे २५ mm, फक्त २५ टक्के. पोलाद एकच, आकडे दोन. तसेच तुटलेली जागा गेजच्या टोकाच्या खुणेला फार जवळ असेल, तर नेकचा काही भाग मोजणीबाहेर राहतो आणि वाढ कमी दिसते. दर ५-१० मिलिमीटरच्या खुणा अशा वेळी कामाला येतात, कारण तुटलेली जागा मध्यभागी येईल असे दोन बिंदू निवडता येतात.

९. यील्ड स्पष्ट दिसत नसेल तर

ॲल्युमिनियमच्या आणि थंड अवस्थेत पीळ दिलेल्या किंवा ओढलेल्या पोलादाच्या आलेखात काटा कुठेही थबकत नाही. सरळ रेषा कळत-नकळत वाकत जाते. अशा वेळी ०.२ टक्के प्रूफ प्रतिबल काढतात. विकृतीच्या अक्षावर ०.००२ येथे खूण करावी, तिथून सुरुवातीच्या सरळ रेषेला समांतर रेषा काढावी, आणि ती वक्राला जिथे छेदते तिथले प्रतिबल वाचावे. भार उतरताना आलेख समांतर खाली येतो हे आपण पाचव्या पायरीत पाहिले. ही समांतर रेषा तीच आहे, आणि तिचा अर्थ असा की या प्रतिबलापर्यंत नेऊन भार काढला तर ०.२ टक्के विकृती कायमची उरते.

येथे अनेक जण ०.००२ वरून उभी रेषा काढतात. ॲल्युमिनियमचा यंग मॉड्युलस सुमारे ७०००० N/mm² असतो, म्हणून ०.००२ विकृतीला सरळ रेषेवरची उंची फक्त १४० N/mm² असते. ज्या मिश्रधातूचे प्रूफ प्रतिबल २०० आहे तो या उंचीला अजून सरळ भागावर किंवा त्याच्या अगदी जवळच असतो, आणि उभ्या रेषेने वाचलेला आकडा ६० N/mm² ने कमी येतो. समांतर रेषा या वक्राला ०.००२ अधिक २००/७००००, म्हणजे ०.००४८६ विकृतीला छेदते. आपण वाचलेला छेदनबिंदू अशाच बेरजेने तपासता येतो: वाचलेले प्रतिबल E ने भागा, त्यात ०.००२ मिळवा, आणि आलेखावरची विकृती तेवढीच आहे का ते पाहा. ती कमी आली तर काढलेली रेषा समांतर नसून जास्त उभी झाली आहे, आणि पट्टी पुन्हा सरळ भागाला लावून सरकवावी लागेल.